रेझ्युमेवर क्यूआर कोड टाकताय? या चुका टाळा

ओळखीतल्या मुलामुलींचे रेझ्युमे मी बरीच वर्षं तपासून देतो. अलीकडे जवळपास प्रत्येक रेझ्युमेच्या कोपऱ्यात क्यूआर कोड असतो. "हा कागदावर छापून स्कॅन केलास का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "स्क्रीनवर चालतोय ना!" स्क्रीनवर जवळपास सगळंच चालतं. मुलाखत घेणाऱ्याच्या हातात मात्र कागद असतो, किंवा तुमच्या फाइलीची तिसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडलेली प्रत. खाली लिहिलेल्या चुका मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेल्या आहेत.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक आधी सांगतो. डिझाइनचं काम शोधणाऱ्या एका मुलीनं पोर्टफोलिओसाठी सुंदर कोड बनवला होता. गुगलवर पहिल्यांदा दिसलेल्या जनरेटरवर जाऊन पत्ता टाकला, चित्र उतरवलं, स्कॅन केलं, पोर्टफोलिओ उघडला. तिनं वीस प्रती छापून घेतल्या. तीन आठवड्यांनी मुलाखतीत समोरच्यानं फोन काढून कोड स्कॅन केला, तर पोर्टफोलिओच्या जागी 'हा कोड निष्क्रिय आहे, सुरू ठेवण्यासाठी योजना निवडा' अशा अर्थाचं पान आलं. तिला वाटलं आपलीच वेबसाइट पडली. वेबसाइट ठणठणीत होती, जनरेटरची फुकट मुदत संपली होती.

घडलं ते असं. क्यूआर कोड दोन तऱ्हेनं बनतो. स्टॅटिक कोडच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांत तुमचा पत्ता थेट लिहिलेला असतो. त्याला मुदत नसते, त्याला कोणी बंद करू शकत नाही. पत्ता जिवंत असेतो कोड जिवंत. डायनॅमिक कोडमध्ये जनरेटरवाल्यांचा पत्ता असतो. स्कॅन करणारा आधी त्यांच्या दारात जातो आणि तिथून ते त्याला तुमच्याकडे पाठवतात. त्यांनी पाठवणं थांबवलं की छापलेल्या सगळ्या प्रती एका क्षणात निकामी होतात. डायनॅमिक कोड वाईट असतो असं नाही. छापल्यानंतरही लिंक बदलता येणं उपयोगाचं आहे. पण तो घेतलाय हेच माहीत नसलं तर घात होतो, आणि बऱ्याच साइटवर तोच आधी पुढे केलेला असतो.

ओळखायला दहा सेकंद लागतात. फोनचा कॅमेरा कोडवर धरा, पण लिंक उघडू नका. स्क्रीनवर कुठला पत्ता दिसतो तो वाचा. तुम्ही टाकलेलाच पत्ता अक्षरन् अक्षर दिसला तर कोड स्टॅटिक आहे. अनोळखी डोमेन दिसलं तर मध्ये कोणीतरी बसलंय. त्या मुलीसाठी आम्ही त्याच संध्याकाळी स्टॅटिक कोड बनवून प्रती पुन्हा छापल्या. आधी पाठवलेल्या पीडीएफचं मात्र काहीच करता आलं नाही, आणि ते मला आजही टोचतं.

शॉर्ट लिंकला हीच गोष्ट लागू पडते. दुसऱ्याची सेवा म्हणजे दुसऱ्याची मर्जी. गुगलसारख्या कंपनीच्या goo.gl सेवेत २०१९ पासून नव्या लिंक बनवणं बंद झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वापरात नसलेल्या जुन्या लिंकही बंद करण्यात आल्या. रेझ्युमे तर लोकांच्या फाइलींत वर्षानुवर्षं पडून असतो. स्वतःचं डोमेन असेल तर त्यावरच `/cv` असा छोटा रस्ता करून तो हव्या त्या पानाकडे वळवा. उद्या पोर्टफोलिओ दुसरीकडे हलवला तरी छापलेला कोड बदलावा लागत नाही. डोमेन नसेल तर थेट मूळ पत्ता द्या. शॉर्ट लिंक घ्यायचीच असेल तर शेवटचा भाग स्वतः निवडा. आपोआप मिळणाऱ्या अक्षरांच्या गोळ्यात कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एक यांतला फरक कागदावर कळत नाही, आणि अशा लिंकमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सहसा मोजला जातो.

दुसरी चूक लांब पत्ता इवल्याशा कोडमध्ये कोंबण्याची. हिचं गणित एकदा समजून घ्याच.

समजा पोर्टफोलिओची फाइल गुगल ड्राइव्हवर आहे आणि शेअरची लिंक जशीच्या तशी जनरेटरमध्ये टाकली. अशी लिंक साधारण ८२ अक्षरांची असते. वर मधोमध लोगो हवा म्हणून दुरुस्तीची सर्वात वरची पातळी, म्हणजे H, निवडली. या पातळीत कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, पण त्याची किंमत म्हणजे जादा चौकोन. ८२ अक्षरं आणि H मिळून कोड ४९ गुणिले ४९ चौकोनांचा होतो. त्याच्या चारही बाजूंना चार-चार चौकोनांची कोरी कड लागते, म्हणजे एका बाजूला ५७. आता रेझ्युमेच्या कोपऱ्यात १५ मिलीमीटरच जागा ठेवली असेल, तर एका चौकोनाच्या वाट्याला जेमतेम पाव मिलीमीटर येतो.

प्रिंटरला पाव मिलीमीटर जमतो, अडतं ते फोनला. कोड बारीक दिसला की माणूस फोन जवळ नेतो, आणि ठरावीक अंतराच्या आत बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फोकस करूच शकत नाही. चित्र धूसर होतं, माणूस आणखी जवळ जातो, चित्र आणखी धूसर होतं. तीन-चार सेकंदांत तो कंटाळून कागद बाजूला ठेवतो. तुम्ही तिथे समोर नसता, त्यामुळे हे तुम्हाला कधी कळतही नाही.

आता `https://example.com/cv` असा २२ अक्षरांचा पत्ता घ्या आणि पातळी M ठेवा, जिच्यात सुमारे १५ टक्के नुकसान भरून निघतं. कोड २५ गुणिले २५ चौकोनांवर येतो, कडेसह ३३. त्याच १५ मिलीमीटरमध्ये एक चौकोन साधारण ०.४५ मिलीमीटरचा होतो, आणि जागा १८ मिलीमीटर केली तर अर्ध्या मिलीमीटरच्या वर जातो. मी अर्ध्या मिलीमीटरच्या खाली जात नाही, म्हणून माझा कोड कडेसह १८ ते २० मिलीमीटरचा असतो. लोगो मी घालू देत नाही. रेझ्युमे आहे, पोस्टर नाही. लोगोसाठी H घ्यायची, H मुळे कोड दाट करायचा, मग तो वाचला जात नाही म्हणून मोठा करायचा, हा सगळा उपद्व्याप एका चित्रापायी होतो.

कोरी कड कापू नका. मजकुराशी नीट जुळत नाही म्हणून ती कापणारे मी पाहिलेत. कड गेली की कोड कुठे सुरू होतो हे फोनला नीट ओळखता येत नाही.

चित्राच्या फाइलीचंही तेच. जनरेटरच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून वर्डमध्ये चिकटवणं ही अधीर माणसाची खूण. वरचा ५७ चौकोनांचा कोड १५० पिक्सेलच्या चित्रात आला, तर एका चौकोनाला अडीचच्या आसपास पिक्सेल मिळतात. म्हणजे काही चौकोन दोनाचे, काही तिनाचे. वर वर्डनं ते ताणलं की कडा करड्या होतात. एसव्हीजी घ्या, ते कितीही मोठं-लहान केलं तरी कडा धारदार राहतात. मी जनरेटरच्या साइटवर जातच नाही, टर्मिनलमध्ये qrencode या प्रोग्रॅमनं एका ओळीत काम होतं आणि कोड हमखास स्टॅटिक असतो:

```
qrencode -t SVG -l M -m 4 -o cv.svg "https://example.com/cv"
```

रंग काळा, पार्श्वभूमी पांढरी. निळसर किंवा करडा कोड ऑफिसच्या काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर गेला की प्रिंटर तो रंग बारीक ठिपक्यांनी दाखवतो आणि चौकोनांच्या कडा विस्कटतात. काळ्यावर पांढरा उलटा कोडही नको. काही स्कॅनर तो वाचतच नाहीत.

पीडीएफमध्ये वेगळ्या खोड्या आहेत. वर्डमधून प्रिंटच्या खिडकीत जाऊन Microsoft Print to PDF निवडलं की लिंक दिसायला निळी राहते, पण तिच्या मागचा पत्ता गळून पडतो. Save As किंवा Export वापरा. पत्ता दोन ओळींत तुटू देऊ नका. मागचा पत्ता नसेल तर बरेच वाचक-प्रोग्रॅम पहिल्या ओळीलाच लिंक समजतात आणि अर्धा पत्ता उघडतात. फोनवर रेझ्युमे वाचणारा त्याच फोननं कोड स्कॅन करू शकत नाही, म्हणून कोडच्या चित्रालाही लिंक लावा आणि खाली तोच पत्ता वाचता येईल अशा अक्षरांत लिहा. अर्ज छाननीचं सॉफ्टवेअर मजकूर वाचतं, त्यामुळे त्यालाही तो लिहिलेला पत्ताच मिळतो.

ड्राइव्हच्या फाइलीला 'Restricted' परवानगी असते तेव्हा तुमच्या फोनवर ती बिनतक्रार उघडते, कारण तुम्ही लॉगइन असता. समोरच्याला परवानगी मागण्याचं पान दिसतं. 'Anyone with the link' करा आणि खासगी विंडोत उघडून बघा.

पाठवण्याआधी मी करतो ते असं. तयार पीडीएफवर आधी हे चालवतो:

```
pdfinfo -url resume.pdf
pdftoppm -r 150 -png resume.pdf pan
zbarimg pan-1.png
```

पहिली ओळ फाइलीतल्या खऱ्याखुऱ्या लिंक दाखवते. यादी रिकामी आली तर प्रिंटच्या खिडकीतून पीडीएफ बनवल्याचं लगेच कळतं. दुसरी पानाचं मुद्दाम मध्यम दर्जाचं चित्र काढते आणि तिसरी त्यातला कोड वाचते. रेझ्युमे एकाच पानाचा असेल तर ही नावं चालतात; पानं जास्त असतील तर आकडा बदलतो. दर इंचाला १५० ठिपक्यांवर कोड वाचला गेला तर ३०० ची काळजी उरत नाही. ही साधनं नसतील तर पीडीएफ दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडा, प्रत्येक लिंकवर क्लिक करा आणि स्क्रीनवरचा कोड फोननं वाचा.

मग साध्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर Actual size ठेवून एक प्रत काढतो. Fit ठेवलं तर पान आक्रसतं आणि कोडही आक्रसतो. त्या प्रतीची झेरॉक्स काढतो, कारण मुलाखतीच्या टेबलावर अनेकदा झेरॉक्सच असते. झेरॉक्स एकदा घडी घालून उघडतो आणि दोन फोनवर, वीतभर अंतरावरून, स्कॅन करतो. त्यातला एक फोन जुना आणि दुसऱ्या कोणाचा तरी असतो, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर. दोन सेकंदांत पान उघडलं नाही तर मी फोनला दोष देत बसत नाही. पत्ता छोटा करतो किंवा कोड दोन मिलीमीटरनं वाढवतो आणि पुन्हा छापतो.