स्क्रीनशॉट काढला, पण पेस्ट केल्यावर काहीच आले नाही? या चुका टाळा

‘सर, स्क्रीनशॉट काढलाय, पण पेस्टच होत नाही’ ही तक्रार ऑनलाइन अर्जांच्या हंगामात संगणक वर्गात रोज ऐकू येते. बहुतेक वेळा स्क्रीनशॉट व्यवस्थित निघालेला असतो. तो फाइल म्हणून कुठेही साठवला गेलेला नसतो आणि विद्यार्थी मात्र फाइल शोधत बसलेला असतो. हा सगळा घोळ प्रामुख्याने विंडोजवर होतो, म्हणून येथे विंडोजपुरतेच लिहीत आहे.

क्लिपबोर्डमधले चित्र फोल्डरमध्ये पेस्ट करायला जाणे

`PrtScn` ही कळ दाबली की पडद्याचे चित्र क्लिपबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत जाते. `Alt + PrtScn` दाबल्यास फक्त समोरच्या खिडकीचे चित्र जाते, पण जाते तेथेच. या चित्राला नाव नसते, .png किंवा .jpg असे शेपूटही नसते आणि ते डिस्कवर कोठेही उतरलेले नसते. `Ctrl + V` दाबल्यावर समोरचा प्रोग्राम क्लिपबोर्डकडे आपल्याला चालेल असा माल मागतो. नोटपॅडला मजकूर लागतो. डेस्कटॉपला किंवा फोल्डरला आधीपासून अस्तित्वात असलेली फाइल लागते. पेंट, वर्ड किंवा ईमेल लिहिण्याची चौकट यांना मात्र नुसते चित्रही चालते. म्हणूनच तोच स्क्रीनशॉट वर्डमध्ये लगेच उमटतो, आणि डेस्कटॉपवर राइट क्लिक केले तर `Paste` हा पर्याय फिकट पडलेला दिसतो. तो फिकटपणा पाहूनच ओळखावे की क्लिपबोर्डवर फाइल नाही. तेथे पुन्हा पुन्हा `Ctrl + V` दाबून काहीही निष्पन्न होत नाही, तरीही ते दाबत राहणारे पुष्कळ भेटतात.

अर्जातील `Choose File` या बटणाचेही तसेच आहे. त्यातून उघडणाऱ्या खिडकीत फाइल निवडायची असते. तेथील नावाच्या चौकटीत चित्र पेस्ट होत नाही.

उपाय अगदी साधा आहे. पेंट उघडावे, `Ctrl + V` दाबावे, चित्र दिसले की `Ctrl + S` दाबून नाव द्यावे आणि अर्जाला जो प्रकार हवा असेल तो, म्हणजे JPEG किंवा PNG, तेथेच निवडावा. पेंट जुनाट आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल दुसरे काही वापरावे. मी पेंटच वापरतो, कारण ते जवळपास प्रत्येक विंडोज संगणकावर असते आणि चित्र खरोखर निघाले आहे की नाही, हे डोळ्यांना लगेच दिसते.

चित्र साठवण्यापूर्वी दुसरे काहीतरी कॉपी करणे

वरच्या चुकीत नुकसान होत नाही, गोंधळ होतो. नुकसान होते ते या दुसऱ्या चुकीत. क्लिपबोर्डवर एका वेळी एकच वस्तू राहते. नवी वस्तू आली की जुनी जाते, आणि जाताना कोणतीही सूचना येत नाही.

आमच्या वर्गातील एका मुलाने भरती परीक्षेचे शुल्क ऑनलाइन भरले. पावती पडद्यावर आली. त्याने `PrtScn` दाबले, डेस्कटॉपवर जाऊन `Ctrl + V` दाबले आणि काहीच दिसेना, तेव्हा स्क्रीनशॉट निघालाच नाही असे स्वतःच ठरवून टाकले. मग ‘निदान नंबर तरी राहू दे’ म्हणून पावतीवरील व्यवहार क्रमांक निवडून `Ctrl + C` केला आणि नोटपॅडमध्ये उतरवला. त्या क्षणापर्यंत पावतीचे चित्र क्लिपबोर्डवर सुखरूप होते. `Ctrl + C` दाबताच ते गेले आणि त्याच्या जागी बारा-पंधरा अंक येऊन बसले. काम झाले असे समजून त्याने पावतीचे पान बंद केले आणि मग मला हाक मारली.

मी प्रथम पेंटमध्ये पेस्ट करून पाहिले. चित्र आले नाही, कारण क्लिपबोर्डवर आता मजकूर होता. नंतर `Win + V` दाबले. या कळांनी क्लिपबोर्डचा इतिहास उघडतो, पण तो आधी सुरू केलेला असावा लागतो. त्या संगणकावर तो बंद होता, त्यामुळे समोर फक्त `Turn on` हे बटण आले. ते दाबून पुढचे जपता येते, मागचे परत मिळत नाही. ‘सर, एकदा दाबून तर बघा’ असे तो म्हणत राहिला. दाबले, आणि अपेक्षेप्रमाणे काहीच हाती लागले नाही. अखेर ज्या क्रमांकाने चित्र घालवले, त्याच क्रमांकावरून दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर शुल्काची स्थिती तपासून पावती पुन्हा काढता आली. प्रत्येक संकेतस्थळावर ती सोय असेलच असे नाही.

म्हणून माझा नियम कडक आहे. स्क्रीनशॉट काढल्यानंतर तो फाइल म्हणून साठवेपर्यंत दुसरे काहीही कॉपी करायचे नाही, कट करायचे नाही आणि ते पान बंदही करायचे नाही. `Win + V` चा इतिहास आजच सुरू करून ठेवावा, परंतु त्यावर विसंबून राहू नये. त्यात पंचवीसच नोंदी राहतात आणि संगणक पुन्हा सुरू केला की पिन न केलेल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात.

कोणत्या कळांनी फाइल तयार होते, हे न पाहणे

फाइलच हवी असेल तर `Win + PrtScn` दाबावे. पडदा क्षणभर मंद होतो, आणि `Pictures` मधील `Screenshots` या फोल्डरमध्ये फाइल तयार होते. मंद होणे हीच खूण समजावी. मात्र या कळांनी पूर्ण पडदा टिपला जातो, तेव्हा बाजूला उघडे असलेले खाजगी संदेश आधी बंद करावेत.

`Win + Shift + S` ने हवा तेवढाच भाग टिपता येतो. विंडोज 10 वर तो क्लिपबोर्डवर जातो, आणि कोपऱ्यात येणाऱ्या सूचनेवर क्लिक करून तो साठवावा लागतो. विंडोज 11 च्या स्निपिंग टूलमध्ये आपोआप साठवण्याची सोय आहे, पण ती सेटिंगमधून बंद केलेली असू शकते. शिवाय नव्या विंडोज 11 वर नुसते `PrtScn` दाबले तरी बहुधा स्निपिंग टूलच उघडते. त्यात भाग न निवडता बाहेर पडले तर काहीच टिपले जात नाही. घरच्या संगणकावरची सवय सायबर कॅफेतल्या संगणकावर तशीच चालेल असे गृहीत धरणाऱ्यांची गाडी येथेच अडते. परक्या संगणकावर आधी एक चाचणीचा स्क्रीनशॉट काढून तो कुठे जातो ते पाहावे, आणि शुल्क त्यानंतर भरावे. एवढे सांगितले की घाईतल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या आठ्या पावती हरवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत.

काही किरकोळ चुका

पुष्कळ लॅपटॉपवर `PrtScn` साठी सोबत `Fn` दाबावे लागते. पेस्ट केल्यावर आधी कधीतरी कॉपी केलेले भलतेच काही आले, तर पहिला संशय `Fn` वर घ्यावा.

`Screenshots` फोल्डर रिकामा दिसत असेल तर वनड्राइव्हमधील `Pictures` पाहावे. तेथे स्क्रीनशॉट साठवण्याची सेटिंग अनेकांकडे नकळत सुरू झालेली असते.

मोबाईलने पडद्याचा फोटो काढणे हा उपाय नाही. त्यात पट्टे येतात आणि अंक धूसर होतात.

स्क्रीनशॉट वर्डमध्ये चिकटवून ती वर्डची फाइलच पाठवणे हीदेखील पळवाटच आहे, कारण चित्र मागणारा अर्ज ती फाइल स्वीकारत नाही. फाइलच्या नावातील .docx खोडून .jpg लिहिले तरी आतली फाइल वर्डचीच राहते. चित्र आधीच वर्डमध्ये गेले असेल तर त्यावर राइट क्लिक करून `Save as Picture` निवडावे, म्हणजे त्याची वेगळी फाइल होते आणि तीच अर्जात जोडता येते.