पाच मिनिटांचं भाषण दोन मिनिटांवर आणताना या चुका टाळा

गोव्याच्या १८ जूनच्या क्रांतिदिनासाठी माझ्या भाचीने पाच मिनिटांचं भाषण पाठ केलेलं, आणि आदल्या दिवशी शाळेतून निरोप आला की मुलं जास्त झालीत, प्रत्येकाला दोनच मिनिटं. फोंड्याहून रडकुंडीला येऊन तिचा फोन. मी म्हटलं, कापून बघ. तासाभराने परत फोन, "मामा, सगळं बसलं!" तिने वाचून दाखवलं तेव्हा कळलं की सगळं बसलं हाच घोळ झालाय.

तिने मुद्दा एकही काढला नव्हता, प्रत्येक वाक्य पिळलेलं. "परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती, सरकारविरुद्ध बोलायचं तर तुरुंग ठरलेला" याचं झालं "सभाबंदी, भाषणबंदी, जनता त्रस्त". कागदावर ठीक दिसतं हो, पण ऐकणाऱ्याकडे कागद नसतो ना. क्रियापदं गेली की कोण काय करतंय ते कानाला लागत नाही, आणि एक नाव डोक्यात बसेपर्यंत पुढचं साल येऊन आदळतं. शब्द ५५० वरून ३३० झाले खरे, पण ती मिनिटाला ११० शब्द आरामात बोलते, म्हणजे दोन मिनिटांत मावतात २२०. उरलेले ११० तिने धावत म्हणून कोंबले, तरी घड्याळात दोन मिनिटं दहा सेकंद! तुमचंही असं झालंय का ते ओळखायची सोपी खूण म्हणजे वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागतो. आणि घरातल्या कुणाला ऐकवून विचारा काय लक्षात राहिलं, आमच्या ताईला फक्त "बरीच सालं होती" एवढंच आठवलं.

मग आम्ही मूळचं पाच मिनिटांचं भाषणच परत काढलं (पिळलेलं दुरुस्त करत बसू नका, त्यात जीव नसतो) आणि प्रत्येक मुद्द्यासमोर शब्द मोजून लिहिले. नमन ४५, १५१० ची पोर्तुगीज सत्ता आणि पुढची ४५१ वर्षं ११०, सभाबंदी ७०, असोळणा ते मडगावचा प्रसंग १५०, १९६१ ची मुक्ती ८५, १९८७ चं घटकराज्य ४०, आणि शेवटी आम्हा मुलांचं कर्तव्य ५०. आता मी तिला एकच विचारलं, घरी जाताना लोकांनी काय सांगावं असं तुला वाटतं? ती म्हणाली, डॉ. राममनोहर लोहिया आजारपणात विश्रांतीला म्हणून डॉ. ज्युलियांव मिनेझिसांकडे असोळण्याला आले आणि १८ जून १९४६ ला मडगावात बंदी मोडून सभेला उभे राहिले, अटक झाली, ते. झालं तर मग, तेच भाषण.

इथे दुसरी चूक होते, लोक नेमका प्रसंगच कापतात कारण तो सगळ्यात लांब दिसतो, आणि ठेवतात "गुलामी", "बलिदान" असले मोठे शब्द. आम्ही उलट केलं, प्रसंगाचे १५० शब्द जवळपास तसेच राहिले. १५१०, १९६१, १९८७ आणि कर्तव्य पूर्ण बाहेर. १९६१ काढताना तिला फार वाईट वाटलं, मुक्ती नाही तर कसलं भाषण म्हणून, पण कार्यक्रम क्रांतिदिनाचा, मुक्तिदिनाला १९ डिसेंबर आहेच की. सभाबंदी मात्र पूर्ण काढता येत नव्हती, बंदी होती हे कळलं नाही तर ती मोडण्यात काय मोठं ते कुणाला कळणार? म्हणून तिची दोन धड वाक्यं ठेवली, २५ शब्दांची. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग" वगैरेचं "सर्वांना माझा नमस्कार, मी मडगावची गोष्ट सांगते" झालं, ८ शब्दांच्या आत. शेवटाला २० नवीन शब्द. एकूण २०३, म्हणजे आठ-नऊ सेकंद मोकळे, माईक सरकवायला आणि टाळ्यांना.

तिसरी चूक आमच्याकडून झालीच. मुद्दे उडवले पण त्यांच्याकडे बोट दाखवणारे शब्द मागे राहिले. प्रसंगात "या ४५१ वर्षांच्या अंधारात" होतं, आता ती वर्षं कुठली ते आधी आलेलंच नाही! जुन्या शेवटातलं "तेव्हा मिळालेलं स्वातंत्र्य"ही असंच लोंबकळत होतं, म्हणून तर शेवट नवा लिहावा लागला आणि त्यात आजच्या लोहिया मैदानाकडे बोट दाखवलं. कापून झालं की "म्हणूनच", "या", "तेव्हा", "दुसरीकडे" एवढेच शब्द शोधत एकदा वाचा, आणि प्रत्येकाला विचारा तू कुणाचा.

उभं राहून मोठ्याने म्हटलं तर पहिल्यांदा दोन मिनिटं सहा सेकंद आले, कारण प्रसंग सांगताना ती थांबत होती, आणि तिथे थांबायलाच हवं. ती लगेच शब्द खुडायला लागली. मी म्हटलं, थांब गो, एक अख्खं वाक्य काढ. लोहियांच्या शिक्षणाचं होतं ते गेलं, आणि घड्याळ एक मिनिट सत्तावन्नवर थांबलं.