पेट्रोल गाडीत जीपीएफचा दिवा लागला तर काय करावं

आमचे दाजी संभाजीनगरला सिडकोत राहतात. शाळा घरापासून तीन किलोमीटरवर. सकाळी गाडी काढायची, शाळेत लावायची, दुपारी परत आणायची. दोन वर्षं असंच चाललं, आणि जानेवारीतल्या एका थंड सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्यांनी पुस्तिका उघडली, तर त्यात `GPF` लिहिलेलं. मास्तरांना जीपीएफ म्हटलं की भविष्य निर्वाह निधीच आठवणार. इथे मात्र तो पेट्रोल गाडीच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे.

डिझेल गाडीवाल्या एका मित्राने त्यांना सांगितलं, "समृद्धीवर घ्या, शंभरला क्रूझ लावा, अर्ध्या तासात दिवा जातो." दाजी जालन्यापर्यंत जाऊन आले, दिवा तसाच. मित्राचा सल्ला चुकीचा नव्हता, पण तो डिझेलचा होता.

चूल आणि फुंकणी

या फिल्टरमध्ये मधमाशांच्या पोळ्यासारख्या चिनी मातीच्या बारीक नळ्या असतात. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. त्यामुळे धुराला नळीच्या भिंतीतूनच पाझरून जावं लागतं आणि काजळी भिंतीला चिकटून राहते. ती साठली की जाळावी लागते, आणि जाळायला दोन गोष्टी लागतात: साधारण 600 अंशांची धग आणि हवा.

डिझेल इंजिनाच्या धुरात हवा भरपूर असते, पण धग कमी पडते. म्हणून गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर तापवते. ते काम दहा-वीस मिनिटं चालतं, आणि तेवढा वेळ एका लयीत गाडी चालवणं, मध्येच बंद न करणं, ही डिझेलवाल्याची काळजी.

पेट्रोलचं उलटं आहे. धूर मुळातच तापलेला असतो, पण इंजिन हवा आणि पेट्रोल इतकं मोजून जाळतं की धुरात हवा जवळजवळ उरतच नाही. म्हणजे चुलीत निखारे लाल आहेत, फक्त कुणीतरी फुंकणी मारायला हवी. ती फुंकणी म्हणजे तुमचा ॲक्सिलरेटरवरचा पाय. गाडी वेगात, गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला की इंजिनाचं पेट्रोल तोडलं जातं, चाकांच्या जोरावर इंजिन फिरत राहतं आणि निव्वळ हवा फिल्टरमध्ये जाते. त्या काही सेकंदांत काजळी जळते. सपाट समृद्धीवर क्रूझ लावून गेलेल्या दाजींचा फिल्टर तापला, पण त्याला फुंकर अशी मिळालीच नाही.

मी त्यांना विचारलं, "दाजी, उताराला गाडी न्यूट्रल करता का?"

"करतो की. पेट्रोल वाचतं ना."

आपल्याकडे ही सवय घरोघरी आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर येतं, आणि आयडलला पेट्रोल जळत राहतं. गिअरमध्ये पाय उचललात तर तेवढा वेळ पेट्रोल लागतच नाही. म्हणजे न्यूट्रलने पेट्रोल वाचत नाही, फिल्टरला हवा मिळत नाही, आणि घाटात इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो.

दिवा लागल्यावर

आधी दिवा नीट पाहा. जीपीएफचा दिवा स्थिर लागला असेल तर फिल्टर स्वतः साफ करता येतो. तो लुकलुकत असेल, किंवा `Check exhaust system` असा संदेश आला असेल, तर काजळी फार साठलेली असू शकते. अशा वेळी वेगात पळवून बघू नका. भरलेला फिल्टर खूप तापला आणि त्यात एकदम हवा शिरली तर काजळी भडकून आतली माती वितळू किंवा तडकू शकते. गाडी सावकाश सर्व्हिस सेंटरला न्या. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही आणि न जळलेलं पेट्रोल पुढे जातंय. तेव्हा गाडी बाजूला घेऊन बंदच करा.

दिवा स्थिर असेल तर पुस्तिकेतलं पान वाचा. कंपनीनुसार आकडे बदलतात. काही पुस्तिकांत 80 च्या वर वेग, तिसरा किंवा वरचा गिअर, 1500 ते 4000 आरपीएम आणि साधारण अर्धा तास असं सांगितलेलं असतं. आम्ही पहाटेची गर्दी टाळून सोलापूर-धुळे महामार्गाने कन्नडच्या दिशेला निघालो. पहिली वीस मिनिटं फक्त इंजिन आणि फिल्टर तापू दिले. मग रस्ता मोकळा पाहून चौथ्या गिअरमध्ये 90 पर्यंत जायचं, आरशात मागे कुणी नाही हे बघायचं, पाय पूर्ण उचलायचा, क्लच दाबायचा नाही, आणि 60 पर्यंत गाडी आपसूक येऊ द्यायची. पुन्हा हळूहळू 90. दाजींनी हे दहा-बारा वेळा केलं. पाय उचलला की मायलेज दाखवणारी पट्टी एकदम शेवटाला जायची. पेट्रोल तुटल्याची ती खूण. कन्नडच्या अलीकडे दिवा गेला.

ऑटोमॅटिक असेल तर इको मोड बंद करा, कारण काही गाड्यांत त्या मोडमध्ये पाय काढला की गिअर आपोआप सुटतो. मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली ठेवलात की काम होतं. असा फेरा मारूनही दिवा गेला नाही, किंवा आठवड्यात परत लागला, तर फेरे वाढवू नका. स्कॅनर लावून फिल्टरच्या अलीकडचा-पलीकडचा दाब आणि सेन्सर तपासून घ्या.

रोजची काळजी

सर्वांत जास्त काजळी गार इंजिन सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत होते. त्यामुळे तीन किलोमीटरच्या फेऱ्या, त्याही थंडीतल्या, फिल्टर भरतात. उभ्या गाडीत इंजिन गरम करत बसल्याने काजळी वाढते. सुरू करून हळूच निघणं बरं. दाजी आता दर रविवारी बीडकडे गावी जातात. मांजरसुंब्याच्या घाटात गिअरमध्ये उतरताना फिल्टर आपोआप साफ होतो, आणि दिवा लागण्याची वेळच येत नाही.

ऑइलकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. काजळी जळते, राख जळत नाही. ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांची राख फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचं कमी राखेचं ऑइलच घाला, आणि डब्यावरचा क्रमांक स्वतः जुळवून घ्या. नुसतं "फाइव्ह डब्ल्यू थर्टी आहे" एवढ्यावर थांबू नका. तो आकडा पातळपणाचा आहे, राखेचा नाही. डिझेल फिल्टरसाठीची क्लीनरची बाटली पेट्रोलच्या टाकीत ओतू नका. ॲसिडने फिल्टर धुऊन देतो म्हणणाऱ्यालाही नको म्हणा, कारण अनेक फिल्टरांवर धूर शुद्ध करणाऱ्या महाग धातूंचा थर असतो आणि तो जातो.

आणि असा फेरा मारून आल्यावर शेतात गेलात, तर गाडी कडब्यावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नका. खालचा पाइप तेव्हा वाळलेलं गवत पेटवण्याइतका तापलेला असतो. मोकळ्या मुरमावर लावा.