पोनीटेल पाम: झारी उचलण्याआधी बुंधा दाबा

मृग बरसला की खानापूर-बेळगावकडे हमखास तीच तक्रार येते: पानांची टोकं करपली. मग पाणी वाढवतात, झाड आणखी करपतं, आणि दुकानदार टॉनिकची बाटली हातात ठेवतो. ती घेऊ नका. आधी कुंडीखालची थाळी काढा आणि बुंधा अंगठ्याने दाबा.

हे झाड मूळचं मेक्सिकोच्या कोरड्या भागातलं. नावात पाम असला तरी खरा पाम नव्हे. तो फुगीर बुंधा म्हणजे त्याची पाण्याची टाकी. टाकी भरलेली असताना मुळं ओल्या मातीत राहिली की ती कुजतात, पाणी वर चढत नाही आणि टोकं वाळतात. बघणाऱ्याला वाटतं, झाड तहानलंय.

बुंधा घट्ट असून बारीक सुरकुत्या असतील, तर तहान खरी. भरपूर पाणी द्या, काही दिवसांत तो पुन्हा फुगतो. घट्ट आहे, फक्त टोकं तपकिरी आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर, तर बहुतेक बोअरच्या पाण्यातला क्षार. साठवलेलं पावसाचं पाणी दोनदा भरपूर ओतून निथळू द्या. मऊ लागला, वास आला, तर कूज, आणि मग एक दिवसही थांबू नका.

गेल्या आषाढात शेजारच्या काकूंच्या दहा इंची कुंडीत काळी माती होती, थाळी भरलेली आणि वर रोजची झारी. एका बाजूला तीन बोटं रुंद मऊ डाग. झाड उपसलं, काळी मुळं छाटली, चाकूने पांढरा घट्ट गर लागेपर्यंत खरवडलं. जखमेवर हळद लावली (हा माझा अंदाज, शास्त्र नव्हे). दहा दिवस सावलीत कोरडं ठेवून मग नव्या मातीत लावलं आणि आठवडाभर पाणी दिलं नाही. नंतर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम, एकदाच. झाड जगलं. कूज बुंध्याला सगळीकडून वेढून बसली असती तर वाचलं नसतं, उगाच औषधावर पैसे घालवू नका.

पाणी किती? दहा इंची कुंडीला एका वेळी साधारण दीड लिटर, खालून निथळेपर्यंत. त्यानंतर काडी खुपसून पाहा. खालपर्यंत कोरडी निघाली तरच पुढची पाळी. अंदाजे:

- उन्हाळा: १०-१५ दिवसांनी
- थंडी: महिन्याने
- पावसाळा: वळचणीला ठेवा, पाणी जवळजवळ बंद

माती: एक भाग लाल माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम, थोडं शेणखत. निव्वळ कोकोपीट नको, आपल्या पावसात ते आठवडाभर ओलं राहतं. नर्सरीतून आणलेलं झाड बऱ्याचदा कोकोपीटमध्ये असतं, तसं असेल तर आणल्यावर ते बदला. थाळीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओता. अंगणात उभी असलेली कुंडी आजच आडोशाला घ्या, आर्द्रा लागायच्या आत.