शिफारशी लिहायला बसण्यापूर्वी : एका सोसायटीच्या पाणी-अहवालाची तयारी

पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये पाण्याची पाहणी होते, अहवाल तयार होतो, सर्वसाधारण सभेत तो वाचलाही जातो आणि टँकर मात्र पूर्वीसारखेच येत राहतात. अहवालातील मोजमापे बहुतेक वेळा बरोबर असतात. खोट असते ती शेवटच्या पानावरच्या शिफारशींत, कारण त्या मोजमापांतून निघालेल्या नसतात आणि त्या कोणी अमलात आणायच्या हेही त्यांत लिहिलेले नसते. म्हणून शिफारशींचा मसुदा करण्यापूर्वी कोणती तयारी पूर्ण असावी, हे येथे एका उदाहरणाच्या आधाराने क्रमाने मांडले आहे. उदाहरण हिशोब स्पष्ट दिसावा म्हणून रचलेले आहे. कोथरूडमधील ८४ सदनिकांची एक संस्था घेऊ. तिच्यात 'ए' आणि 'बी' अशा ४२-४२ सदनिकांच्या दोन सारख्या इमारती आहेत, एकूण रहिवासी ३३६ आहेत आणि दर आठवड्याला १०,००० लिटरचे पाच टँकर मागवावे लागतात.

सर्वांत आधी निरीक्षणे एका कागदावर आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष दुसऱ्या कागदावर, असे वेगळे लिहून घ्यावेत. 'बी इमारतीच्या गच्चीवरील टाकीची पातळी रात्री १ ते ४ या वेळेत १८ सेंटिमीटर उतरली' हे निरीक्षण आहे. 'बी इमारतीत गळती आहे' हा निष्कर्ष आहे, आणि एवढ्या एका आकड्यावरून तो काढता येत नाही, कारण रात्रीही कोणी ना कोणी पाणी वापरत असतेच. मोजणी तीन रात्री झाली का, त्या वेळी टाकीत पाणी चढवणारा पंप बंद होता का, आणि तुलनेसाठी 'ए' इमारतीची टाकी त्याच रात्री मोजली का, याची नोंद पहिल्या कागदावर असली पाहिजे. आपल्या उदाहरणात दोन्ही टाक्यांचे तळ १० चौरस मीटरचे आहेत, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की १०० लिटर पाणी गेले. 'ए'ची पातळी तेवढ्याच वेळात सरासरी ८ सेंटिमीटर उतरली, 'बी'ची १८. हा १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे तीन तासांत १,००० लिटर. टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब दिवसा फारसा बदलत नाही, त्यामुळे गळती चोवीस तास याच वेगाने चालू राहते असे धरले, तर दिवसाला साधारण ८,००० लिटर होतात. हा अंदाज आहे, आणि अहवालात तो अंदाज म्हणूनच लिहावा.

यापुढचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच वगळला जातो. निरीक्षणावरून थेट शिफारशीवर उडी मारू नये, दोहोंच्या मध्ये कारण सापडलेले असावे. पाणी जाते एवढेच ठाऊक असेल तर 'नळवाहिन्या बदला', 'टाकीचे वॉटरप्रूफिंग करा', 'सभासदांनी पाणी जपून वापरावे' या तिन्ही सूचना सारख्याच योग्य दिसतात, आणि त्यांतील सर्वांत महागडी सूचना स्वीकारली जाण्याचा धोका असतो. उदाहरणातील पाहणीत गच्चीवरच्या टाकीतून खाली जाणाऱ्या नळवाहिन्यांचे व्हॉल्व्ह एकेका रात्री एकेक करून बंद केले गेले. स्वयंपाकघराच्या वाहिनीचा व्हॉल्व्ह बंद केल्याने दोन इमारतींमधील फरक मिटला नाही, न्हाणीघराच्या वाहिनीनेही नाही. फ्लशची वाहिनी बंद केल्यावर मात्र 'बी'चा उतार १८ वरून ६ सेंटिमीटरवर आला. 'ए'मध्ये तीच वाहिनी बंद केल्यावर उतार ८ वरून ६ वर आला. म्हणजे फरकाचे सगळे पाणी फ्लशच्या वाहिनीतूनच जात होते. डक्टमध्ये उतरून पाहिले तर ती वाहिनी बाहेरून कोरडी होती. मग ४२ पैकी ३९ सदनिकांत फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबले, तेव्हा ११ सदनिकांत रंग भांड्यात उतरलेला दिसला. त्यांपैकी ७ ठिकाणी टाकीच्या तळाचे रबरी सील झिजले होते, तर ४ ठिकाणी बॉल कॉक बंद होत नसल्याने पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून वाहत होते. ८,००० लिटर ११ टाक्यांत विभागले तर प्रत्येकी मिनिटाला साधारण अर्धा लिटर येतो, आणि भांड्याच्या कडेने सतत उतरणारी बारीक धार एवढे पाणी नेऊ शकते. आकडा आणि डोळ्यांना दिसलेली गोष्ट अशी जुळली, की कारण पक्के झाले असे मानायला हरकत नाही.

कारण हाती आल्यावर मनात आधीपासून घोळत असलेली प्रत्येक शिफारस निष्कर्षासमोर ठेवावी आणि मध्ये 'म्हणून' हा शब्द घालून मोठ्याने वाचावी. 'फ्लशच्या ११ टाक्या गळतात, म्हणून त्यांची सील किंवा बॉल कॉक बदलावेत' हे वाक्य सरळ उतरते. 'फ्लशच्या ११ टाक्या गळतात, म्हणून नवी बोअर घ्यावी' हे उतरत नाही, जरी कार्यकारिणीतील दोन सदस्यांना वर्षभर बोअर हवी असली तरी. महानगरपालिकेकडून अधिक पाणी मागण्याची शिफारसही याच कसोटीवर तपासावी. संस्थेच्या मीटरच्या १४ दिवसांच्या नोंदींनुसार रोज सरासरी ४६,००० लिटर पाणी मिळते, म्हणजे माणशी सुमारे १३७ लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वसाधारण निकष माणशी १३५ लिटरचा आहे. मीटर बरोबर चालतो हे धरले, तर पाणी कमी येते असे म्हणण्याला आधार उरत नाही आणि ती शिफारस गाळावी लागते. उलट्या दिशेनेही एकदा पाहावे. एखाद्या निष्कर्षापुढे एकही शिफारस नसेल, तर ती राहून गेली आहे की तेथे काही करण्याची गरजच नाही, हे ठरवून एका वाक्यात तसे लिहावे.

पुरावा जेवढा पक्का, शिफारस तेवढीच पुढे जावी. तीन सदनिका कुलूपबंद होत्या. त्यांच्याबाबत 'दुरुस्ती करावी' असे लिहिण्याचा अधिकार पाहणीने आपल्याला दिलेला नाही, 'तपासणी करून घ्यावी' एवढेच लिहिता येते.

आता कोणी करायचे हा प्रश्न. आपल्याकडच्या लेखी मराठीला एक जुनी सवय आहे, ती म्हणजे '-ण्यात यावे'. 'गळती तातडीने थांबवण्यात यावी', 'आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी' ही वाक्ये व्याकरणाला धरून आहेत, पण त्यांत कर्ता नाही, आणि सभा संपल्यावर तो कोणालाच सापडत नाही. 'संबंधितांनी' आणि 'सर्वांनी' या शब्दांमुळेही तेच होते. मसुद्यातील अशी प्रत्येक जागा अधोरेखित करून तेथे '-ने' किंवा '-नी' लावलेले पद आणावे : सचिवांनी, खजिनदारांनी, सदनिकाधारक सभासदांनी. माणसाचे नाव न लिहिता पद लिहिणे बरे, कारण कार्यकारिणी बदलली तरी जबाबदारी पदाबरोबर पुढे जाते.

मात्र कर्ता लिहिला म्हणजे काम झाले असे नाही, त्याला ते काम करण्याचा अधिकार आहे का, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी संस्थेचे नोंदणीकृत उपविधी समोर असावेत. आदर्श उपविधींनुसार सामायिक नळवाहिन्या, पंप आणि पाण्याच्या टाक्या यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते आणि सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायची असते. फ्लशची टाकी सदनिकेच्या आत असते, म्हणून कर्ता सभासद ठरतो, आणि सचिवांकडे पत्र देणे, पाठपुरावा करणे, प्लंबर उपलब्ध करून देणे एवढेच काम राहते. सदनिका भाड्याने दिलेली असेल तर पत्र मालकाला द्यावे लागते आणि आत जाण्यासाठी वेळ भाडेकरूशी ठरवावी लागते. मालक नाशिकला किंवा परदेशात राहत असेल तर या एका बारकाव्यापायी दोन महिने निघून जाऊ शकतात, म्हणून तो शिफारशीतच लिहावा. दुरुस्ती न करणाऱ्यास दंड लावावा असे लिहिण्याचा मोह होतो, पण तो निर्णय सर्वसाधारण सभेचा आहे, त्यामुळे कार्यकारिणीला उद्देशून तशी शिफारस करू नये. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. जी गोष्ट सभेपुढे न्यावी लागेल, तिची मुदत ही तारीख पाहूनच ठरवावी.

मुदत आणि पडताळणी ठरवताना पाहणीतील आकडेच पुन्हा वापरावेत. 'ए' इमारतीत रात्रीचा उतार ८ सेंटिमीटर आहे, म्हणून दुरुस्तीनंतर 'बी'मध्येही तो ८ च्या आसपास यावा अशी अपेक्षा रास्त आहे. टँकर कमी करणे ही वेगळी शिफारस आहे आणि ती या मोजणीनंतरच अमलात यावी. आठवड्याला ५६,००० लिटर वाचतील आणि टँकरने ५०,००० लिटर येतात हे कागदावर जुळते. तरीही मोजणीआधी टँकर बंद केले आणि चार सभासदांनी दुरुस्ती केलेली नसली, तर नळ कोरडे पडतील आणि लोक अहवालालाच दोष देतील.

इतकी तयारी झाल्यावर शिफारस अशी लिहिता येते : 'बी इमारतीतील ज्या ११ सदनिकांत फ्लशच्या टाकीची गळती आढळली, त्यांच्या सभासदांनी सचिवांचे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत, पत्रात नमूद केल्याप्रमाणे सील किंवा बॉल कॉक स्वखर्चाने बदलून घ्यावा. सचिवांनी ही पत्रे अहवाल स्वीकारल्यापासून ३ दिवसांत द्यावीत आणि उरलेल्या तीन सदनिकांची रंग टाकून तपासणी सभासदांच्या १५ दिवसांच्या मुदतीतच करून घ्यावी. मुदत संपल्यानंतरच्या सलग तीन रात्री सचिवांनी वॉचमनच्या मदतीने १ ते ४ या वेळेत दोन्ही टाक्यांची पातळी मोजावी. बी इमारतीचा सरासरी उतार ८ सेंटिमीटरच्या आसपास आला, तर खजिनदारांनी टँकरची मागणी पुढील आठवड्यापासून पाचवरून दोनवर आणावी आणि दोन आठवडे पाणी पुरल्यास ती बंद करावी. उतार कमी न झाल्यास टँकर चालू ठेवून सचिवांनी सर्व ४२ सदनिकांची तपासणी पुन्हा करून घ्यावी.' मजकूर लांबतो, पण 'मी काय करायचे आणि कधी' हे यातील प्रत्येकाला विचारावे लागत नाही.

सही करण्याआधी एक काम उरते. ज्यांच्यावर काम सोपवले आहे, त्यांना मसुद्यातील तेवढा भाग वाचून दाखवावा. वॉचमन कदाचित सांगेल की गच्चीची किल्ली रात्री कार्यालयात कुलपात असते. खजिनदार सांगतील की टँकरवाल्याशी महिन्याचा ठराव असतो, आठवड्याचा नाही. असे कळले तर 'पुढील आठवड्यापासून' खोडून 'पुढील महिन्याच्या १ तारखेपासून' लिहावे, किल्ली सचिवांनी वॉचमनकडे द्यावी असे एक वाक्य वाढवावे आणि मगच अहवाल कार्यकारिणीकडे पाठवावा.