बिल ऑफ एंट्रीवरून कॉस्ट शीट भरताय? या चुका टाळा

दर महिन्याला कोणीतरी नवीन पोरगं न्हावाशेवाची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालासाठी कस्टम्सकडे भरलेला कागद, घेऊन येतं, पहिल्या पानावरचा टोटल ड्युटीचा आकडा उचलतं, कॉस्ट शीटमध्ये टाकतं आणि म्हणतं "सर झालं". झालं नाही रे बाबा, आत्ता कुठे सुरू झालं.

सगळ्यात जुनी चूक हीच. टोटल ड्युटीत आयजीएसटी असतो आणि त्याचं क्रेडिट मिळत असेल तर तो कॉस्ट नाही. धरा, बेअरिंगच्या मालाची असेसेबल व्हॅल्यू 10,00,000 आहे. बीसीडी म्हणजे बेसिक कस्टम्स ड्युटी 7.5 टक्क्यांनी 75,000, त्यावर 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज म्हणजे 7,500, आणि मग या तिघांच्या बेरजेवर, म्हणजे 10,82,500 वर, 18 टक्के आयजीएसटी 1,94,850. टोटल दिसते 2,77,350, पण कॉस्ट शीटला जायला हवेत फक्त 82,500. (तुमचा पुढचा माल करमाफ असेल आणि क्रेडिटच मिळत नसेल तर गोष्ट वेगळी, मग आयजीएसटीही कॉस्टच.) मी एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीला आयजीएसटी स्वतः काढून छापलेल्याशी ताडतो. A मध्ये व्हॅल्यू, B मध्ये बीसीडी, C मध्ये सरचार्ज, D मध्ये आयजीएसटीचा दर, नुसता 18 नाही तर 18% असा:

```
=ROUND((A2+B2+C2)*D2,2)
```

रुपया-दोन रुपयांचा फरक राउंडिंगचा. त्याहून जास्त आला तर बहुतेक एखादी लेव्ही सुटलेली असते, अँटी डंपिंग ड्युटी किंवा एआयडीसी हा कृषी सेस, आणि त्या तर थेट कॉस्टमध्ये जातात.

आता माझी आवडती चूक, कारण मी स्वतः केलीय. असेसेबल व्हॅल्यू म्हणजे मालाची किंमत नव्हे. ती सीआयएफ असते, म्हणजे फ्रेट आणि इन्शुरन्स तिच्यात आधीच घातलेले असतात. वरचीच केस घ्या, एफओबी, म्हणजे फ्रेट-इन्शुरन्स न धरलेला, इनव्हॉइस 8,80,000, फ्रेट 1,10,100 आणि पॉलिसीच नव्हती म्हणून कस्टम्सने एफओबीच्या 1.125 टक्के धरलेला इन्शुरन्स 9,900. बेरीज बरोबर 10,00,000. मी काय केलं, 10 लाख "मटेरियल" म्हणून टाकले, मग फॉरवर्डरचं बिल आलं तेव्हा फ्रेटचे 1,10,100 पुन्हा टाकले, म्हणजे फ्रेट दोनदा, आणि 9,900 असे जे कोणी कधी भरलेच नाहीत. त्या लँडेड कॉस्टवर सेल्सने कोटेशन दिलं, ऑर्डर गेली दुसरीकडे, आणि आमचे साहेब आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. तेव्हापासून सवय लागली: मटेरियलचा आकडा फक्त सप्लायरच्या इनव्हॉइसवरून, फ्रेट फक्त फॉरवर्डरच्या बिलावरून, आणि बिल ऑफ एंट्रीवरून फक्त ड्युटी. असेसेबल व्हॅल्यूचा कॉलम मी ठेवतो, पण फक्त ड्युटी ताडायला, बेरजेत घेत नाही.

याच्याच पोटातली एक: बिल ऑफ एंट्रीवरचा डॉलरचा रेट हा कस्टम्सने जाहीर केलेला असतो, तुमच्या बँकेने कापलेला नाही. ड्युटीला तो बरोबर, पण इनव्हॉइस रुपयात आणायला तो वापरू नका.

कोड. सप्लायरच्या इनव्हॉइसवरचा एचएस कोड उचलू नका. जगभर सारखे असतात ते पहिले सहाच आकडे, पुढचे त्याच्या देशाचे, आपले आठ आकडे बिल ऑफ एंट्रीच्या सीटीएच या कोडच्या कॉलममधूनच घ्या. तेही फायनल, आउट ऑफ चार्ज झालेल्या, म्हणजे कस्टम्सने माल सोडल्यानंतरच्या कॉपीवरून, कारण सीएचए, म्हणजे आपला कस्टम्स एजंट, आधी जी चेकलिस्ट मेलवर पाठवतो तिच्यातला कोड क्वेरी निघाल्यावर बदलू शकतो आणि कोड बदलला की दरही बदलू शकतो. चेकलिस्टवरून कॉस्टिंग करणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो, घाई असली तरी. आणि सेल टेक्स्ट फॉरमॅटमध्ये ठेवा, नाहीतर 09 ने सुरू होणाऱ्या कोडातला शून्य एक्सेल गिळतं.

पीडीएफवरून कॉपी-पेस्ट करणाऱ्यांना अजून एक ठेच लागते. एकाच बिल ऑफ एंट्रीत दोन-तीन इनव्हॉइस असले की आयटम नंबर प्रत्येक इनव्हॉइसला 1 पासून पुन्हा सुरू होतो, मग नुसत्या आयटम नंबरवर लुकअप लावलं की तिसऱ्या इनव्हॉइसच्या मालाला पहिल्याची ड्युटी. इनव्हॉइस नंबर आणि आयटम नंबर जोडून लुकअपची की बनवा. ड्युटीच्या पानावर भरलेल्या रकमेखाली नोटिफिकेशनमुळे माफ झालेल्या ड्युटीची रक्कमही छापलेली असते, ती घेऊ नका, ती कोणी भरत नाही.

उशिरा भरल्याचं व्याज किंवा लेट फी लागली असेल तर ती टोटल भरण्यात दिसते, ती मालाच्या कॉस्टला लावू नका, वेगळ्या खर्चात टाका, आणि सीएचएला फोन करून उशीर कोणामुळे झाला ते विचारा.