तीन वर्तुळं एका बिंदूत मिळत नाहीत? अपिकेंद्र शोधताना या चुका टाळा

किल्लारी म्हटलं की मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते, म्हणून उदाहरणासाठी अपिकेंद्र, म्हणजे भूकंपाच्या उगमाच्या थेट वरची जमिनीवरची जागा, तिथेच धरू. खालच्या वेळा मात्र त्या भूकंपाच्या नोंदी नाहीत. त्या सरावासाठी बनवल्या आहेत. सोलापूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर ही आपली तीन भूकंपमापन केंद्रं. दोन लहरींच्या वेळांतल्या फरकावरून प्रत्येक केंद्रापासूनचं अंतर काढायचं आणि तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ नकाशावर काढायचं; तिन्ही वर्तुळं जिथे मिळतात ते अपिकेंद्र. प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला ६ किमी आणि दुय्यम लहरींचा ३.५ किमी धरू.

सोलापूरला प्राथमिक लहर १०:२०:१४.७ ला आली आणि दुय्यम १०:२०:२५.२ ला. नांदेडला याच दोन वेळा १०:२०:२३.४ आणि १०:२०:४०.१ आहेत. संभाजीनगरला १०:२०:४०.३ आणि १०:२१:०९.१.

वजाबाकीतच घसरगुंडी

सोलापूरचा फरक १०.५ सेकंद, नांदेडचा १६.७. इथपर्यंत कुणी चुकत नाही. संभाजीनगरला मात्र मिनिट बदललंय. कॅल्क्युलेटरवर २१०९.१ वजा २०४०.३ केलं की ६८.८ येतात आणि तेच उत्तर म्हणून उतरवलं जातं. मिनिटात सेकंद साठ, शंभर नव्हेत, त्यामुळे खरा फरक २८.८ आहे. या चुकीचा उत्तरात नेमका ४० सेकंदांचा फरक पडतो, म्हणून ती ओळखायला सोपी. नकाशावर तर ती लपतच नाही. ६८.८ धरलं तर त्रिज्या ५७८ किमी येते आणि १ सेंमीला २० किमी या प्रमाणावर कंपास जवळजवळ २९ सेंमी उघडावा लागतो.

फरकाला कुठल्या वेगाने गुणायचं?

नुसत्या कुठल्याच नाही. फरक म्हणजे लहरीचा प्रवासकाळ नव्हे, दोन लहरींच्या प्रवासकाळातलं अंतर आहे. २८.८ ला ६ ने गुणलं तर १७३ किमी येतात, ३.५ ने गुणलं तर १०१. दोन्ही चूक. अंतर भागिले ३.५ मधून अंतर भागिले ६ वजा केलं की फरक मिळतो. तेच उलटं मांडलं की गुणक निघतो: ६ × ३.५ ÷ (६ − ३.५) = ८.४.

आता सोलापूर ८८ किमी, नांदेड १४० किमी, संभाजीनगर २४२ किमी. नकाशावर त्रिज्या ४.४, ७ आणि १२.१ सेंमी. ८.४ हा आकडा पाठ करून ठेवू नका. प्रश्नात वेग वेगळे दिले की तोही बदलतो. शिवाय ही पद्धत काहीशे किलोमीटरपर्यंतच चालते. त्यापुढे लहरी जास्त खोलून, जास्त वेगाने येतात. तिथे प्रवासकाळाचा आलेखच वापरावा लागतो.

दीड सेकंदाने काय होतं ते पाहा

समजा वेळा दिलेल्याच नाहीत, भूकंपलेख दिलाय आणि सोलापूरची दुय्यम लहर तुम्ही दीड सेकंद आधी वाचली. असं सहज होतं, कारण प्राथमिक लहरीची थरथर अजून चालू असते आणि दुय्यम लहर तिच्यातच सुरू होते. रेषा अचानक उंच होते आणि हेलकावे लांबट होतात, ती जागा धरायची. सगळ्यात उंच शिखर धरायचं नाही. ते बहुतेक वेळा त्यानंतरचं, कित्येकदा भूपृष्ठ लहरींचं असतं. शिखर धरणाऱ्याचं वर्तुळ मोठं येतं, घाई करणाऱ्याचं लहान.

आपला फरक आता ९ सेकंद झाला, अंतर ७५.६ किमी. सोलापूर ते नांदेड सरळ रेषेत सुमारे २२१ किमी आहे, आणि ७५.६ अधिक १४०.३ होतात २१५.९. म्हणजे ही दोन वर्तुळं एकमेकांना शिवतच नाहीत; मध्ये अडीच मिलिमीटरची फट राहते. विद्यार्थी मग कंपासला दोष देतात किंवा नांदेडचं वर्तुळ हळूच वाढवून जुळवून टाकतात. उत्तर जुळतं, आणि चूक चांगल्या नोंदीच्या माथी बसते.

दोषी केंद्र कोणतं हे फट सांगत नाही. ते सांगते भूकंपाची मूळ वेळ. प्राथमिक लहरीचा प्रवासकाळ म्हणजे अंतर भागिले ६, म्हणजेच फरकाच्या १.४ पट. तो प्राथमिक लहरीच्या वेळेतून वजा करा. नांदेडला २३.४ वजा २३.४, संभाजीनगरला ४०.३ वजा ४०.३, दोन्हीकडे भूकंप बरोबर १०:२०:०० ला झाला. सोलापूरला १४.७ वजा १२.६, म्हणजे १०:२०:०२.१. एकच भूकंप, त्याला दोन सुरुवाती कशा असतील? तिघांत सोलापूर वेगळं पडलं, लेख तिथलाच परत वाचायचा. ही तपासणी कंपास हातात घेण्याआधी करा, दोन मिनिटांचंही काम नाही.

एवढ्याशा चुकीने वर्तुळं सुटली याला कारण जागाही आहे. किल्लारी सोलापूर–नांदेड रेषेच्या बरीच जवळ आहे, त्यामुळे ती दोन वर्तुळं एकमेकांना निसटती छेदतात. सगळं अचूक केलं तरी या दोघांचे दोन छेदबिंदू येतात: एक किल्लारीजवळ, दुसरा तिथून सुमारे ५५ किमीवर, धाराशिव आणि लातूरच्या मधल्या पट्ट्यात. तिसरं केंद्र यासाठीच लागतं. तो दुसरा बिंदू संभाजीनगरपासून साधारण १९० किमीवर आहे, आपल्याला हवेत २४२, तो बाद. तिसरं केंद्रही त्याच रेषेवर असतं तर दोन्ही बिंदू त्याच्यापासून सारख्याच अंतरावर पडले असते आणि काहीच ठरलं नसतं.

नकाशा झेरॉक्सचा असेल तर "१ सेंमी = २० किमी" या छापील ओळीवर विसंबू नका. प्रत लहान-मोठी झाली की ओळ तशीच राहते, नकाशा बदलतो. रेषाप्रमाण मात्र नकाशासोबतच बदलतं, कंपास त्यावर मोजून उघडा.

मध्ये त्रिकोण राहिला तर

आधी पाहा, वर्तुळं एकमेकांवर चढलीत की मध्ये फट आहे. लहरी नाभीपासून, म्हणजे जमिनीखाली भूकंप प्रत्यक्ष जिथे सुरू होतो तिथून निघतात, म्हणून आपण काढलेलं अंतर तिरपं असतं आणि ते जमिनीवरच्या अंतरापेक्षा कधीच कमी नसतं. खोलीमुळे वर्तुळं फक्त मोठीच होतात. फट दिसली तर खोलीचं कारण देऊ नका. वाचन, वेग किंवा प्रमाण चुकलंय.

८८ किमीवर १० किमी खोलीने अंतर ८८.६ होतं, तेवढं पेन्सिलच्या रेघेत जातं. केंद्रं जवळ असली की तसं नाही. २०, २५ आणि ३५ किमीवर केंद्रं असतील आणि नाभी १२ किमी खोल असेल, तर त्रिज्या २३.३, २७.७ आणि ३७ येतात. तिघांच्या मधोमध सामाईक तुकडा उरतो. त्याचा मध्य अंदाजाने धरू नका. प्रत्येक जोडीच्या दोन छेदबिंदूंमधून सरळ रेघ ओढा; तिन्ही रेघा जिथे मिळतात ते अपिकेंद्र. तिथून पहिल्या केंद्रापर्यंत मोजलं की २० किमी भरतात. २३.३ च्या वर्गातून २० चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं की १२ किमी, म्हणजे नाभीची खोली मिळते.